दोन ऑफर लेटर आणि एक कर्जखातं

नमस्कार काका,
मी सांगली जिल्ह्यातली, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रात आहे. राष्ट्रीयीकृत बँकेचं सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. दरवर्षी दीड लाख उचललं, व्याज १० टक्के, बाबा सहकर्जदार. पुण्यात दोन नोकऱ्या आल्यात. एक फायनान्स कंपनीत विक्रीची, पॅकेज ६.६ लाख, त्यातले २ लाख इन्सेंटिव्ह. दुसरी चिप व्हेरिफिकेशनचं, म्हणजे चिपचं डिझाइन बरोबर चालतं का ते तपासण्याचं काम करणाऱ्या छोट्या कंपनीत, ३.६ लाख आणि दोन वर्षांचा बाँड. ते म्हणतात, पुढे पगार झपाट्याने वाढतो. मला हेच काम आवडतं. आई म्हणते, आधी कर्ज फेड, मग आवड बघ. दहा दिवसांत कळवायचं आहे. काय करू?
– तुमची एक वाचक

आईची काळजी रास्त आहे. पण मोठं पॅकेज घेतलं की कर्ज लवकर फिटतं, हे तिने धरून चाललंय, आणि तेवढं एकदा तपासून बघायला हवं. मी बँकेत कर्ज विभागात होतो. पॅकेजच्या आकड्यावर हप्ता ठरवलेली मुलं सहा महिन्यांत उतरल्या चेहऱ्याने शाखेत आलेली मी पाहिली आहेत. म्हणून आधी दोन्ही पत्रांना जोडलेला पगाराचा तक्ता काढ.

विक्रीच्या नोकरीतले दोन लाख इन्सेंटिव्ह बाजूला ठेवले तर उरतात ४.६ लाख. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, बहुधा आरोग्य विम्याचा हप्ताही असतो. हे सगळं पॅकेजमध्ये मोजतात, पण महिन्याला हातात येत नाही. पीएफ किमान, म्हणजे महिना १,८०० रुपये धरला, तर तेवढेच तुझ्याही पगारातून कापले जातात. व्यवसाय कराचे २०० जातात. सगळं वजा जाता खात्यात साधारण ३३ हजार पडतील. दुसऱ्या नोकरीत हाच हिशोब केला की २५ हजारांच्या आसपास येतात. नव्या करप्रणालीत या दोन्ही पगारांवर आयकर लागत नाही, त्यामुळे तो प्रश्नच नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली वजावट मिळते असं कुणी सांगेल. ती फक्त जुन्या प्रणालीत मिळते, तुझ्या निर्णयात ती धरूच नकोस.

पॅकेजमधला फरक तीन लाखांचा दिसतो, म्हणजे महिन्याला पंचवीस हजारांचा. खात्रीने हातात येणारा फरक आहे आठ हजारांचा. मधले सतरा हजार जवळजवळ सगळे इन्सेंटिव्हवर टांगलेले आहेत.

ते मिळणारच नाहीत असं मी म्हणत नाही. विक्रीत चांगलं कमावणारी माणसं आहेत. पण इन्सेंटिव्हची योजना लेखी मागून घे आणि त्यात तीन गोष्टी बघ. टार्गेटच्या किती टक्क्यांपासून पैसे सुरू होतात? दर महिन्याला मिळतात की तिमाहीला? आणि ग्राहकाने पहिले हप्ते थकवले तर दिलेले पैसे परत कापतात का? मग त्या कंपनीत वर्षभर काढलेली दोन मुलं गाठ आणि मागच्या चार तिमाहींत प्रत्यक्ष किती मिळाले ते विचार. एचआरला विचारून उपयोग नाही, ते कमाल आकडा सांगतील. वर्षाला लाखभर मिळाले असं ऐकू आलं, तर ती नोकरी तुझ्यासाठी ५.६ लाखांची आहे. मी पुढचा हिशोब तेवढ्यावरच करतो.

आता कर्ज. घरात 'सहा लाखांचं कर्ज' असं बोललं जात असेल, पण आज ते सहा लाखांचं नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर चार वर्षांचं व्याज चढलं, ६० हजार. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ४५, तिसऱ्यावर ३०, शेवटच्यावर १५. शिकत असताना तुम्ही व्याज भरलं नसेल, तर कोर्स संपताना दीड लाख व्याज साचलेलं असेल. त्यानंतर बहुतेक राष्ट्रीयीकृत बँकांत आणखी एक वर्षाची सवलत असते, त्या वर्षात हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही, आणखी ६० हजार चढतात. सवलतीच्या काळात हे व्याज सरळव्याजाने लागतं. हप्ता सुरू होताना मात्र सगळं मुद्दलात मिळवतात, आणि तिथून पुढे ८ लाख १० हजारांवर व्याज सुरू होतं. तुझ्या मंजुरीपत्रात ही सवलत नेमकी किती महिन्यांची आहे ते वाच. काही ठिकाणी, विशेषतः खासगी वित्तसंस्थांत, ती कमी असते.

याच शाखाभेटीत आणखी एक विचारायचं. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कर्ज विनातारण असेल, तर सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना आहे. कॉलेजला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन लागतं, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तुझ्या खात्यासाठी बँकेने कधी हा दावा केला होता का, केला असेल तर अनुदान जमा झालं का, ते विचार. दाखला दिला होता पण पुढे काय झालं ते कधी बघितलंच नाही, अशी घरं मला खूप भेटली. तुझ्या बाबतीत हा प्रश्न दीड-दोन लाखांचा असू शकतो. मी पुढे ते अनुदान नाही असं धरून चालतो.

कमी पगाराच्या नोकरीत तू तग धरशील का, हा खरा प्रश्न आहे. तो पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा वेगळा सोडवावा लागतो.

पहिल्या वर्षी हप्ता नाही. खोली दुसऱ्या मुलीबरोबर, मेस, बसचा पास, मोबाइल, गावी येणं-जाणं हे सगळं मी १५,५०० धरतो. तुझा आकडा तू घाल, पण खरा घाल. २५ हजारांतून साडेनऊ हजार उरतात. त्यातले ५ हजार दर महिन्याला कर्जखात्यात भर. सहा लाखांवरचं महिन्याचं व्याज नेमकं ५ हजार आहे, म्हणजे त्या वर्षाचे ६० हजार साचणारच नाहीत आणि हप्ता ८.१ ऐवजी ७.५ लाखांवर बसेल. उरलेल्या साडेचार हजारांतून वर्षअखेरीला २५ हजार वेगळ्या बचत खात्यात साठलेले हवेत. हे पैसे तीन हप्त्यांसाठी आहेत, दुसऱ्या कशासाठीही नाहीत. का, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या वर्षी हप्ता सुरू होतो. ७.५ लाखांना १० टक्क्यांनी दहा वर्षांची मुदत घेतलीस तर हप्ता ९,९०० च्या पुढे जातो. पंधरा वर्षांची घेतलीस तर ८,०६०. समजा वर्षभरानंतर पगार वाढलाच नाही. साडेनऊ हजारांत ८,०६० बसतात, ९,९०० बसत नाहीत. म्हणून मुदत पंधरा वर्षांची घे.

हे वाचून बाबा दचकतील. पंधरा वर्षं तोच हप्ता भरत राहिलं तर व्याजच सात लाख होतं, हे खरं आहे. पण पंधरा वर्षं हा करार आहे, तेवढी वर्षं फेडत राहायची सक्ती नाही. तुझ्या कर्जाचा व्याजदर बदलता असेल, आणि बहुतेक असतोच, तर मुदतीआधी पैसे भरण्यावर बँकेला दंड आकारता येत नाही. दोन वर्षं ८,०६० भर. पगार वाढला की महिन्याला १५ हजार भरायला लाग. त्या चालीने हप्ता सुरू झाल्यापासून सात वर्षांत कर्ज संपतं आणि एकूण व्याज जातं ३ लाख ३७ हजारांच्या आसपास. दहा वर्षांची मुदत घेऊन तोच हप्ता शेवटपर्यंत भरला तर व्याज जातं जवळपास ४ लाख ४० हजार. म्हणजे लांब मुदत घेऊनही तू कमी व्याजात सुटतेस, आणि हात तंग असलेल्या काळात गळ्याशी येत नाही. जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी दे, नाहीतर कुठे कुठे हप्ताच कमी करून ठेवतात. मी नोकरीत असताना हे पालकांना नीट बसवून सांगितलं नाही. 'झेपेल तेवढी मुदत घ्या' म्हणून सही घ्यायचो आणि पुढच्या फाइलकडे वळायचो. त्याची खंत आहे, म्हणून इथे एवढं लांबवून लिहितोय.

काही बँका चढत्या हप्त्याचीही सोय देतात, सुरुवातीला लहान आणि पुढे मोठा. ते शाखेत विचार. नाही म्हणाले तरी वरच्या मार्गाने काम तेच होतं.

एका गोष्टीने घाबरू नकोस. हप्त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत तू १ लाख ९३ हजार भरशील आणि मुद्दल कमी झालेलं दिसेल जेमतेम ४८ हजारांनी. सुरुवातीच्या हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. खातेउतारा बघून 'आपण चुकीची नोकरी घेतली' असं वाटण्याचा क्षण तोच असतो.

आता पगारवाढीचं. 'पुढे वाढतो' या शब्दांवर विसंबू नकोस, कागदावर मांड. विक्रीच्या नोकरीत ५.६ लाखांपासून दरवर्षी ८ टक्के वाढ धरू. चिपच्या नोकरीत ३.६, मग ४.८, ६.५, ८.५ आणि पाचव्या वर्षी १० लाख धरू. तिसऱ्या वर्षी दोन्ही पगार बरोबरीला येतात. इथेच लोक समजतात की नुकसान भरून निघालं. तसं नसतं, कारण पहिल्या दोन वर्षांत तू जवळपास ३ लाख २५ हजार कमी कमावलेले आहेत. ते भरून निघायला पाचवं वर्ष उजाडतं. इन्सेंटिव्ह पूर्ण दोन लाख मिळत असेल तर चिपचा पगार पुढेही असाच वाढूनसुद्धा सातवं वर्ष. आणि चिपच्या कंपनीत वाढ ३.६ वरून ४, ४.६, ५.२, ६ अशी रखडली, तर पाच वर्षांच्या शेवटी तू नऊ लाखांहून अधिक मागे असतेस आणि अंतर वाढतच असतं.

म्हणजे सगळं या एका गोष्टीवर येतं, की वाढ पहिल्या चालीने होईल की दुसऱ्या. माझी भाची नऊ वर्षं बंगळुरूत हेच काम करते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, कंपनी छोटी की मोठी हे विचारू नकोस. तिला पहिल्या वर्षी काय करायला देणार ते विचार."

तिचं म्हणणं असं. व्हेरिफिकेशनमध्ये नव्या मुलांना दोन प्रकारचं काम मिळतं. एकात दुसऱ्यांनी लिहिलेल्या टेस्ट रात्री लावून सकाळी कुठल्या फेल झाल्या त्याचा तक्ता करायचा. दुसऱ्यात चिपच्या एखाद्या भागाची, म्हणजे ब्लॉकची, चाचणी कशी घ्यायची याची योजना वाचायची, सिस्टिमव्हेरिलॉग ही भाषा आणि यूव्हीएम ही पद्धत वापरून टेस्टबेंच, म्हणजे चाचणी घेणारा प्रोग्राम, स्वतः लिहायचं, दोष सापडला तर तो डिझाइनमध्ये कुठून आला तिथपर्यंत माग काढायचा, आणि कव्हरेज, म्हणजे ठरवलेलं सगळं तपासून झालं का याचं मोजमाप, पूर्ण होईपर्यंत तो भाग आपल्या नावावर ठेवायचा. दोघांच्याही बायोडेटावर 'दोन वर्षांचा अनुभव' लिहिलेलं असतं. पण मुलाखतीत दहा मिनिटांत कळतं कोण कुठलं आहे. पगाराची मोठी उडी बहुधा दुसरीकडे जाताना मिळते, आणि ती दुसऱ्या प्रकारालाच मिळते.

छोट्या कंपन्यांचं आणखी एक असतं. त्या आपली माणसं मोठ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टवर पाठवतात. प्रोजेक्ट नसला की माणूस बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. म्हणून कंपनीला तीन प्रश्न ई-मेलने विचार, उत्तरं लेखी येऊ देत. प्रशिक्षण किती महिन्यांचं आणि त्या काळात पगार पूर्ण का? बेंचवर असताना पगार पूर्ण का? मागच्या बॅचमधली किती मुलं वर्षाच्या आत प्रोजेक्टवर गेली? शिवाय तिथली तीन वर्षं झालेली एक-दोन मुलं लिंक्डइनवर शोध आणि फोनवर बोल. आता किती मिळतं हे लोक सांगायला बिचकतात. 'पहिल्या वर्षी कुठला ब्लॉक केलास?' हे मात्र आनंदाने सांगतात, आणि तुला तेच हवंय.

बाँडचं नीट बघ. दोन वर्षं कधीपासून मोजतात, रुजू झाल्यापासून की प्रशिक्षण संपल्यापासून? सहा महिन्यांचं प्रशिक्षण धरून अडीच वर्षं होत असतील, तर तुझी पहिली उडी तेवढी पुढे जाते आणि वरचा सगळा हिशोब अर्धं वर्ष सरकतो. सोडल्यास किती रक्कम, आणि काम केलेल्या महिन्यांप्रमाणे ती कमी होते का? कंपनीने कामावरून काढलं तरी ती लागू आहे का? मूळ गुणपत्रिका किंवा पदवी ठेवून घेणार असतील तर तिथे जाऊ नकोस. यात मी कसलीही सूट देणार नाही.

आता त्या २५ हजारांचं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. पण त्याच्या आधीच, चुकलेला प्रत्येक हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू लागतो, तुझ्याही आणि बाबांच्याही, कारण ते सहकर्जदार आहेत. उद्या बाबांना घरदुरुस्तीला किंवा गाडीला कर्ज हवं असेल तर पहिली अडचण तिथे येते. नोकरी गेली, पगार लांबला, आजारपण आलं, तर तीन हप्त्यांइतकी शिल्लक तुला ते तीन महिने देते. आणि असं काही झालंच तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. आधी आलेल्या माणसासाठी मॅनेजरला काहीतरी करता येतं. थकल्यावर येणाऱ्यासाठी त्याचे हात बरेच बांधलेले असतात.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक आली, तिथल्या मुलांनी स्वतः ब्लॉक केल्याचं सांगितलं आणि बाँड रुजू झाल्यापासून मोजत असतील, तर ३.६ लाखांची नोकरी घे. तुझं कर्ज वाकवता येतं. मुदत लांबवता येते, जादा भरून पुन्हा आखडता येते. फ्रेशर म्हणून टेस्टबेंच लिहायला शिकवणारी जागा दोन वर्षांनी विक्रीतून परत मागायला गेलीस तर मिळणं फार कठीण असतं. तेव्हा तुझ्याशी स्पर्धेला त्या वर्षीची ताजी बॅच असते.

दोन परिस्थितींत मात्र मी आईच्या बाजूने आहे. तुझ्या पगारातून घरी दर महिन्याला पाच-सात हजार पाठवावेच लागणार असतील, भावाची फी असेल, कुणाचं औषध असेल, तर साडेनऊ हजारांत हप्ता आणि घर दोन्ही बसत नाहीत. तेव्हा ३३ हजारांची नोकरी घे आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. दुसरं, कंपनीने लेखी उत्तरं टाळली तर. 'आल्यावर बोलू' म्हणणाऱ्या ठिकाणी दोन वर्षांच्या कागदावर सही करू नये.

आणि गेलीस तर एक तारीख आत्ताच वहीत लिहून ठेव, रुजू झाल्यापासून बरोबर चौदावा महिना. त्या दिवशी बघ, एखादा ब्लॉक तुझ्या नावावर आहे का. असेल तर बाँड संपेपर्यंत निवांत काम कर. नसेल तर मॅनेजरकडे मागणी कर, आणि संध्याकाळी स्वतःचा सराव सुरू कर, म्हणजे बाँड संपेल तेव्हा मुलाखतीला दाखवायला काही असेल. त्याच महिन्यात हप्तेही सुरू झालेले असतील, तेव्हा त्या २५ हजारांना अजून हात लागला नाही ना, तेही बघ.

या आठवड्यात बाबांना घेऊन शाखेत जा. खातेउतारा घ्या, आजपर्यंत साचलेल्या व्याजाचा आकडा लिहून घ्या, अनुदानाचं विचारा आणि मुदत पंधरा वर्षांची ठेवण्याचा अर्ज द्या. त्यावर सहकर्जदाराचीही सही लागते, म्हणून बाबा बरोबर हवेतच. जमलं तर आईलाही ने. कर्जाचा हप्ता आठ हजार आहे हे तिने काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं.